व्हेरो पेशींवर इंटरफेरॉनचा प्रयोग: फसला की बरोबर आला?

मंजिरी_स

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पात आयझॅक्स आणि लिंडेनमन यांचा १९५७ चा प्रयोग साध्या रूपात करून बघतेय. त्यांनी लंडनच्या मिल हिलला कोंबडीच्या भ्रूणाच्या पडद्याचे तुकडे घेतले, त्यांच्यासोबत उष्णतेने मारलेला फ्लूचा विषाणू ठेवला आणि नंतर तो द्रव नव्या तुकड्यांवर घातला. नव्या तुकड्यांवर जिवंत विषाणू वाढेना. त्या द्रवात जे काही होतं त्याला त्यांनी इंटरफेरॉन म्हटलं.

माझ्याकडे फ्लूऐवजी कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या विषाणूचा लासोटा वाण आहे आणि पडद्याऐवजी प्लेटमधल्या पेशी. पेशींना लासोटाची लागण केली, दुसऱ्या दिवशी वरचा द्रव काढला, सेंट्रिफ्यूज केला आणि उरलेला विषाणू मरावा म्हणून उघड्या डिशमध्ये यूव्ही दिला. हा द्रव ताज्या व्हेरो पेशींवर रात्रभर ठेवला. सकाळी धुऊन व्हीएसव्ही हा पेशी मारणारा दुसरा विषाणू घातला आणि त्याने पेशींच्या थरात पाडलेली भोकं, म्हणजे प्लाक, मोजले. प्रत्येक द्रवाला दोन-दोन वेल.

अ. नुसतं मीडियम: ६१ आणि ५८ प्लाक.
ब. लागण झालेल्या व्हेरोंचा द्रव: ५७ आणि ६३.
क. लागण झालेल्या ए५४९ पेशींचा द्रव: ४ आणि ६.

ए५४९ म्हणजे माणसाच्या फुफ्फुसातल्या कर्करोगाच्या पेशी. गाइड म्हणतात, "ब छान आलंय, पुढे चल." मला त्यात छान काय ते कळेना. व्हेरोमध्ये इंटरफेरॉनची यंत्रणाच नसते असं सीनियर सांगतात. मग क मध्ये त्याच व्हेरो वाचल्या कशा? आणि दुसरं म्हणजे, क मधल्या पेशी विषाणू घालण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर अ सारख्याच गुटगुटीत दिसत होत्या. त्यांच्यात काही बदललं असेल तर ते दिसायला नको का?

---

नीलेश_बारामती

व्हेरो आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या आहेत. इंटरफेरॉन ज्या प्राण्याचं त्याच प्राण्याच्या पेशींवर चालतं, कोंबडीचं माणसावर चालत नाही. तेव्हा माणसाच्या द्रवाने माकडाच्या पेशी वाचल्या हेच मला पटत नाही. माझा अंदाज असा की क मध्ये मेलेल्या लासोटाचा गाळ व्हेरोच्या पृष्ठभागाला चिकटला आणि व्हीएसव्हीला आत शिरायला वाट मिळाली नाही. यूव्ही तपासा. एका वेलमध्ये नुसता द्रव घालून तीन दिवस ठेवा, पेशी मरतात का बघा.

आणि व्हेरो ही कॅन्सरचीच लाइन ना? अशा पेशींची प्रतिकारयंत्रणा बिघडलेलीच असते.

---

पेशीपुराण

नीलेश, यूव्हीची शंका रास्त आहे आणि ती चाचणी करायलाच हवी. बाकीच्याशी मी सहमत नाही.

आधी गाळाचं बघू. गाळामुळे व्हीएसव्ही अडला असता तर ब मध्येही अडला असता, कारण ब च्या द्रवातही तोच लासोटा, तोच यूव्ही, तेच पेशींचे तुकडे आहेत. तरी तिथे ५७ आणि ६३. मंजिरी, तुझे गाइड ज्याला छान म्हणतात ते हेच. क मधलं संरक्षण विषाणूच्या अवशेषांमुळे नाही, ए५४९ नी स्वतः द्रवात सोडलेल्या कशामुळे तरी आहे, हे तुझ्या ब ने दाखवलं. यापेक्षा चांगला कंट्रोल मागूनही मिळाला नसता.

प्रजातीचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. कोंबडीचं इंटरफेरॉन माणसाच्या पेशींवर चालत नाही हे खरं, पण माकड आणि माणूस इतके जवळचे की माणसाचं इंटरफेरॉन व्हेरोंना व्यवस्थित कळतं. ते मोजायला व्हेरो जगभर वापरतात. आणि व्हेरो गाठीतून आलेल्या नाहीत. १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात निरोगी मूत्रपिंडातून त्या वेगळ्या केल्या. वाढवता वाढवता त्या अमर झाल्या हे खरं, पण ती गोष्ट वेगळी.

आता मूळ प्रश्न. "यंत्रणा नसते" असं म्हणताना सीनियर दोन वेगळी कामं एकत्र करताहेत: इशारा देणं आणि इशारा ऐकणं. व्हेरो मुक्या आहेत, बहिऱ्या नाहीत.

इशारा देण्याचं काम असं चालतं. लासोटा आत शिरून स्वतःच्या आरएनएच्या प्रती काढू लागतो. त्या आरएनएचं टोक पेशीच्या आरएनएसारखं झाकलेलं नसतं, तिथे तीन फॉस्फेट उघडे असतात. पेशीद्रवातलं रिग-आय नावाचं प्रथिन ते टोक पकडतं आणि मायटोकॉन्ड्रियाच्या पृष्ठभागावरच्या मॅव्हसला जाऊन भिडतं. तिथून निरोप आयआरएफ-३ पर्यंत जातो, आयआरएफ-३ केंद्रकात शिरतं आणि इंटरफेरॉन बीटाचं जनुक चालू करतं. व्हेरोमध्ये हे सगळं शेवटच्या पायरीपर्यंत होतं. पण चालू करायला जनुकच नाही. त्यांच्या १२ व्या गुणसूत्राचा साधारण ९० लाख अक्षरांचा तुकडा दोन्ही प्रतींमधून गळालेला आहे, आणि अल्फा-बीटा इंटरफेरॉनच्या जनुकांचा अख्खा गठ्ठा त्या तुकड्यात होता.

ऐकण्याचा रिसेप्टर मात्र शाबूत आहे. बाहेरून इंटरफेरॉन आलं की त्याला चिकटलेली जॅक-१ आणि टीवायके-२ ही एन्झाइम जागी होतात, स्टॅट-१ आणि स्टॅट-२ ची जोडी बनते, तिला आयआरएफ-९ मिळतं आणि हे त्रिकूट केंद्रकात जाऊन काही शे जनुकं चालू करतं. तुझ्या क मध्ये हेच झालं.

गुटगुटीत पेशींचं नंतर लिहितो, प्रॅक्टिकलची वेळ झाली.

---

संगमनेरकर

ताई, लासोटाबद्दल वाचलं म्हणून लिहितो. माझा चौदा वर्षांचा पोल्ट्रीचा व्यवसाय आहे. आमच्याकडे या रोगाला मानमोडी म्हणतात. लस लागू होत नसेल तर आधी पाणी बघा. क्लोरीनच्या पाण्यात लस मरते, म्हणून आम्ही पाण्यात आधी दूध पावडर टाकतो आणि मग लस. थंडपेटीतून काढल्यावर दोन तासांत पक्ष्यांनी पिऊन संपवायला हवी. पक्षी आधी थोडे तहानलेले ठेवा. तुमच्या ५७ आणि ६३ ला पाण्याचाच घोळ वाटतो.

---

मंजिरी_स

काका, माझ्याकडे कोंबड्या नाहीत हो, प्लेटमधल्या पेशी आहेत :) लासोटा इथे लस म्हणून नाही, पेशींना डिवचण्यासाठी घातलाय. पण दूध पावडरीचं कारण माहीत नव्हतं, आभार.

पेशीपुराण सर, ब कंट्रोलचं आता लख्ख कळलं. आणखी एक शंका. व्हेरो मुक्या असतील तर लस बनवणारे त्याच का घेतात?

---

वृषाली_के

मुक्या आहेत म्हणूनच. विषाणू भरपूर वाढवायचा असेल तर पहिल्या लागण झालेल्या पेशींनी शेजारणींना सावध केलेलं परवडत नाही, उत्पादन पडतं. रेबीजची लस व्हेरोवर बनते. कोव्हॅक्सिनसाठी पुण्याच्या एनआयव्हीने वेगळा केलेला विषाणूही व्हेरोवरच वाढवला आणि मग रसायनाने मारला. रुग्णाच्या नमुन्यातून अनोळखी विषाणू वाढवून बघायचा असतो तेव्हाही पहिली प्लेट बहुधा व्हेरोचीच लागते.

पेशीपुराण, "मुक्या" ला एक दुरुस्ती. गळालेला गठ्ठा अल्फा-बीटाचा. लॅम्डा इंटरफेरॉनची जनुकं दुसरीकडे असतात, ती व्हेरोमध्ये आहेत. हंटा विषाणूंच्या लागणीत व्हेरो ई६ पेशींनी लॅम्डा काढल्याचं प्रसिद्ध झालंय. तेव्हा ब मध्ये संरक्षण नाही म्हणजे द्रवात काहीच नाही, असं मी तरी लिहिणार नाही. प्लाक कमी करण्याइतकं नाही, एवढंच म्हणता येईल.

---

पेशीपुराण

वृषाली, मान्य. मंजिरी, प्रबंधात वृषालीचं वाक्य घाल, माझं नको.

आता गुटगुटीत पेशी. इंटरफेरॉन विषाणूला हात लावत नाही. शेजारची पेशी ते ऐकून जी प्रथिनं बनवते त्यांतली बरीच निद्रिस्त असतात. पीकेआर घे. पेशीत त्याचा साठा वाढतो पण ते काही करत नाही. दुपदरी आरएनए दिसला की मगच जागं होतं, आणि तो बहुतेक वेळा विषाणूच आणतो. जागं झालं की प्रथिनं बनवण्याची सुरुवात करून देणाऱ्या ईआयएफ-२ ला फॉस्फेट लावतं आणि पेशीतलं प्रथिनं बनवणं जवळजवळ थांबतं. विषाणूची प्रथिनंही मग बनत नाहीत. ओएएस हे दुसरं प्रथिनही दुपदरी आरएनए दिसल्यावरच आरनेज-एल ला उठवतं, आणि ते पेशीतला आरएनए तोडत सुटतं, स्वतःचा आणि विषाणूचा दोन्ही.

म्हणजे इशारा ऐकलेली पेशी रोजचं काम करत राहते. विषाणू आत आला तरच ती स्वतःचं कामकाज बंद पाडते. विषाणू घालण्याआधी तुला फरक दिसला नाही तो यामुळे. डोळ्यांनी बघण्याऐवजी पेशी फोडून स्टॅट-१ किंवा आयएफआयटी-१ चा ब्लॉट कर, अ आणि क मधला फरक लगेच दिसेल.

म्हणूनच द्रव रात्रभर ठेवावा लागतो. जनुक चालू व्हायचं, त्याचा आरएनए बनायचा, प्रथिन साठायचं, याला तास लागतात. हाच क चा द्रव व्हीएसव्हीबरोबर एकदम घातला, किंवा व्हीएसव्हीनंतर चार तासांनी घातला, तर माझ्या अंदाजाने प्लाक फारसे कमी होणार नाहीत. करून बघ, एका प्लेटचं काम आहे.

---

रानवारा

मी विज्ञानातला नाही, पण हे औषध मी स्वतः घेतलंय. मला हेपॅटायटिस सी होता, जीनोटाइप ३. तेव्हा गोळ्यांचे कोर्स आले नव्हते. आठवड्याला एक पेगइंटरफेरॉनचं इंजेक्शन, जोडीला रोज रिबाव्हिरिन, असं २४ आठवडे. इंजेक्शनच्या रात्री थंडी वाजून ताप यायचा, हाडं फुटल्यासारखी दुखायची, दुसरा दिवस अंथरुणात. डॉक्टर म्हणायचे, औषध विषाणूला मारतंय म्हणून ताप येतो. मी बरा झालो. माझ्याबरोबर सुरू केलेले वॉर्डातले एक गृहस्थ मात्र नाही झाले, त्यांना जीनोटाइप १ होता.

इथे म्हणताय की इंटरफेरॉन विषाणूला हात लावत नाही. मग मी बरा कसा झालो? आणि माझं शरीर स्वतःचं इंटरफेरॉन बनवत नव्हतं का?

---

पेशीपुराण

रानवारा, तुमची केस या धाग्यात चपखल बसते.

आधी ताप. तो विषाणू मरत असल्याचा नव्हता, तो इंटरफेरॉनचाच. निरोगी माणसाला टोचलं तरी तसाच येतो. फ्लूमध्ये पहिल्या दिवशी अंग मोडून येतं त्यातही आपल्याच इंटरफेरॉनचा वाटा असतो.

आता शरीर ते का बनवत नव्हतं. हेपॅटायटिस सीच्या विषाणूकडे एनएस३/४ए नावाची कात्री आहे. ती मुळात स्वतःचीच लांबलचक प्रथिनसाखळी कापून सुटे भाग करण्यासाठी असते. पण तीच कात्री मॅव्हसला मायटोकॉन्ड्रियाच्या पृष्ठभागापासून कापते, अगदी ५०८ व्या अमिनो आम्लाशी. वर लिहिलेली साखळी आठवा: रिग-आय ने आरएनए पकडला, पण निरोप पुढे नेणारं मॅव्हस जागेवर नाही. यकृताची लागण झालेली पेशी अशी मुकी होते. मंजिरीच्या व्हेरोंचं जनुकच गेलेलं आहे, तुमच्या पेशींचं जनुक होतं पण मधली तार कापलेली होती. परिणाम दोन्हीकडे एकच.

आणि बहिऱ्या नसल्यामुळेच इंजेक्शनचा उपयोग झाला. इशारा पेशीकडून येत नव्हता तो सुईने दिला. पेशींनी तो ऐकला, विषाणूविरोधी प्रथिनं बनवली आणि ती आठवड्यामागून आठवडे वर राहिली. रिबाव्हिरिनने मदत केली.

---

नीलेश_बारामती

हे खरं असेल तर ते गृहस्थ का नाही बरे झाले? त्यांच्याही पेशी मुक्या आणि ऐकणाऱ्या असणार. आणि कात्री सगळीकडे तीच, मग जीनोटाइपने फरक का पडावा?

---

वृषाली_के

इथेच गोष्ट फसते, नीलेश. उपचाराआधी यकृताचा बारीक तुकडा काढून तपासला तेव्हा उलटंच दिसलं. ज्यांच्या यकृतात इंटरफेरॉनची जनुकं आधीपासूनच चढलेली होती त्यांनाच इंजेक्शन लागू पडलं नाही. ज्यांच्या यकृतात ती शांत होती ते बरे झाले. म्हणजे कुठली तरी पेशी इशारा देत होती, शेजारणी ऐकतही होत्या, आणि तरी विषाणू टिकून होता.

एक कारण असं मानतात की इशारा सतत वाजत राहिला की ऐकणारी पेशीच रिसेप्टरचा आवाज बंद करते. यूएसपी-१८ नावाचं प्रथिन, जे इंटरफेरॉनमुळेच बनतं, ते रिसेप्टरला जाऊन बसतं. मग वरून कितीही टोचा. पण यामुळे अर्धंच चित्र कळतं. माणसाच्या लॅम्डा-४ च्या जनुकातला फरक बरं होण्याशी घट्ट जुळतो, आणि ज्यांच्याकडे ते लॅम्डा-४ बनतं तेच वाईट प्रतिसाद देतात. विषाणूविरुद्धचं प्रथिन बनल्यावर तोटा का व्हावा यावर अजून वाद आहेत. जीनोटाइप ३ सोपा आणि १ अवघड का याचंही एका वाक्यात उत्तर नाही.

पेशीपुराण, कात्रीबद्दल माझी एक शंका. टेलाप्रेव्हिर आणि नंतरच्या काही गोळ्या नेमकी हीच कात्री बंद करतात. मग मॅव्हस परत जुळून पेशीला पुन्हा वाचा फुटायला हवी. त्याचा बरं होण्यात वाटा आहे असं तू मानतोस?

---

पेशीपुराण

डिशमध्ये मॅव्हस परत दिसतं. पण कात्री बंद झाली की विषाणूला स्वतःची प्रथिनंही सुटी करता येत नाहीत, आणि त्यानेच तो संपतो. मी वाटा किरकोळ मानतो. तू बहुधा जास्त मानतेस.

---

वृषाली_के

हो, जास्त मानते. प्रबंधाच्या वेळी यावर माझं गाइडशीच भांडण झालं होतं. असो, मंजिरीचा धागा आहे.

---

संगमनेरकर

आता विषय समजला. मग मला एक सांगा. मानमोडीची लस डोळ्यात घालताना एकदा माझ्या स्वतःच्या डोळ्यात शिंतोडा गेला. डोळा लाल झाला, पाणी यायला लागलं, चार-पाच दिवसांत आपोआप बरा झाला. आमच्या कामगारांनाही असं झालंय. पण खरा रोग शेडमध्ये शिरला तर कोंबड्या दोन दिवसांत मान टाकतात. एकच जंतू, मग आमच्यावर एवढी मेहेरबानी का?

---

पेशीपुराण

काका, हा प्रश्न मंजिरीच्या प्रयोगाच्या मुळाशी जातो.

लशीचा वाण आणि शेड रिकामी करणारा वाण यांच्यातला मोठा फरक विषाणूच्या एफ प्रथिनात असतो, तो बाजूला ठेवू. पण घातक वाणसुद्धा माणसाला बहुधा डोळ्यापलीकडे त्रास देत नाही. याचं एक मोठं कारण इंटरफेरॉन.

या विषाणूकडे व्ही नावाचं प्रथिन आहे. ते बनवण्याची पद्धतही गमतीची. पी प्रथिनाच्या जनुकावरून आरएनए लिहिताना एका ठिकाणी एक जी जास्त घातला जातो, तिथून पुढचं वाचन सरकतं आणि पी ऐवजी व्ही तयार होतं. एकाच जनुकातून दोन प्रथिनं. हे व्ही पेशीतल्या स्टॅट-१ चा नाश घडवून आणतं. रानवारांच्या विषाणूने बोलणं तोडलं होतं, हा ऐकणं तोडतो. शेजारणीने कितीही इशारे दिले तरी स्टॅट-१ शिवाय निरोप केंद्रकात पोचत नाही.

पण हे व्ही कोंबडीच्या पेशीत जसं काम करतं तसं माणसाच्या पेशीत करत नाही. त्यामुळे तुमच्या डोळ्यातल्या पेशींनी इशारा दिला, शेजारणींनी तो ऐकला, आणि विषाणू तिथल्या तिथे थांबला. कोंबडीत तो सुटतो. ज्या विषाणूंचं व्ही प्रयोगशाळेत मोडलं ते अगदी कोवळ्या अंड्यातल्या भ्रूणात वाढले, पण जरा मोठ्या भ्रूणात वाढेनात. भ्रूण वाढतो तशी त्याची इंटरफेरॉनची यंत्रणा तयार होते, त्यामुळे हे जुळतं.

मंजिरी, ए५४९ च्या द्रवात एवढं इंटरफेरॉन आलं त्याला हेच कारण. माणसाच्या पेशी या विषाणूला आवरता येत नाहीत, तो इशारा वाजवतो आणि थांबवू शकत नाही. हाच प्रयोग कोंबडीच्या फायब्रोब्लास्टवर केलास तर क इतका देखणा येईल असं वाटत नाही.

---

संगमनेरकर

हे कोणी सांगितलंच नव्हतं. आता शेवटचा प्रश्न. आमचे डॉक्टर मानमोडीची आणि ब्रॉंकायटिसची जिवंत लस वेगवेगळी द्यायची असेल तर मध्ये काही दिवस सोडायला सांगतात. लगेच दिली तर दुसरी नीट लागत नाही. पण कंपनीची दोन्ही एकत्र असलेली बाटलीही मिळते, ती चालते. मग हे इंटरफेरॉनमुळे म्हणायचं का?

---

वृषाली_के

थोडंफार असेलही. पहिल्या लशीच्या विषाणूने इशारा दिला असेल तर त्या काही दिवसांत आलेल्या दुसऱ्या जिवंत विषाणूला वाढायला तयार जमीन मिळत नाही. पण दोन्ही विषाणू श्वासनलिकेच्या त्याच केसाळ पेशींत वाढतात. ज्याने त्या आधी अडवल्या त्याचं फावतं, इंटरफेरॉन असो वा नसो. या दोन कारणांतलं कुठलं किती, हे शेडमधल्या निरीक्षणावरून वेगळं करता येणार नाही. एकत्र बाटलीत दोघांचं प्रमाण जुळवलेलं असतं, म्हणून ती चालते. डॉक्टर सांगतात ते अंतर ठेवा.

---

मंजिरी_स

आठवड्याने परत आले. सर, तुम्ही सांगितलेली वेळेची प्लेट केली. क चा द्रव रात्रभर आधी: ५ प्लाक. व्हीएसव्हीबरोबर एकदम: ४९. व्हीएसव्हीनंतर चार तासांनी: ६०.

पण आता वेगळाच गोंधळ. वाचनात आलं की व्हीएसव्हीकडेही इंटरफेरॉन चुकवण्याची युक्ती आहे, त्याचं एम प्रथिन. मग क मध्ये ती युक्ती का नाही चालली?

---

पेशीपुराण

कारण एम ज्या पेशीत विषाणू शिरला त्या पेशीचं तोंड बंद करतं. केंद्रकातून पेशीद्रवात जाणाऱ्या आरएनएची वाट ते अडवतं. इंटरफेरॉनचं जनुक चालू होतं, आरएनएही बनतो, पण बाहेर न पडल्याने प्रथिन बनत नाही. त्या कुळातला आपल्याकडचा चांदीपुरा विषाणूही, १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावावरून ज्याला नाव पडलं तो, एम प्रथिनाने हेच करतो.

पण तुझ्या क मधल्या व्हेरोंनी पीकेआर आणि बाकीचा साठा रात्रीच करून ठेवला होता. सकाळी एम ने दार बंद केलं तोवर माल बाहेर येऊन पडला होता. एकदम घातलेल्या प्लेटमध्ये साठा व्हायच्या आत दार बंद झालं, म्हणून ४९. चुकवण्याची युक्ती आहे एवढ्यावरून विषाणू कुठे जिंकेल ते सांगता येत नाही, ती वेळेत पोचते का ते बघावं लागतं.

आता क चा द्रव पायरीपायरीने दुप्पट पातळ कर, १:२, १:४ असं, १:२५६ पर्यंत. ज्या पातळीला प्लाक निम्मे, म्हणजे साधारण ३०, होतील ती एका एककाची. १:६४ ला आले तर द्रवात ६४ एकक. नुसतं "वाचले" लिहिण्यापेक्षा परीक्षकांना आकडा आवडतो.

---

नीलेश_बारामती

आणि ते खरंच इंटरफेरॉन आहे याचा पुरावा कुठे? ए५४९ आणखी शंभर गोष्टी सोडत असतील.

---

वृषाली_के

चांगला प्रश्न. दोन रस्ते. द्रव रात्रभर पीएच २ वर ठेवून परत उदासीन करायचा. अल्फा-बीटा ते सहन करतात, गॅमा मरतं, आणि उरलासुरला जिवंत लासोटाही मरतो, म्हणजे यूव्हीची खात्री फुकटात होते. दुसरा रस्ता ऐकणाऱ्या पेशींना बहिरं करण्याचा. द्रव घालण्याच्या तासभर आधी रुक्सोलिटिनिब, १ मायक्रोमोलर. ते जॅक-१ बंद करतं. संरक्षण गेलं तर ते जॅकमधूनच येत होतं. औषध डीएमएसओमध्ये विरघळवतात, म्हणून तेवढाच डीएमएसओ घातलेलं वेल शेजारी हवंच.

---

मंजिरी_स

दोन्ही केलं. पीएच २ नंतरचा द्रव: ७ प्लाक. म्हणजे टिकलं. रुक्सोलिटिनिबसह क: ४४. नुसत्या डीएमएसओसह क: ५. मीडियम आणि रुक्सोलिटिनिब: ६२.

४४ का? ६० पर्यंत परत जायला हवं होतं ना?

---

पेशीपुराण

औषध कमी पडलं असेल किंवा रात्रीतून झिजलं असेल. ५ मायक्रोमोलर करून बघ, पेशी मरत नाहीत ना ते मीडियमच्या वेलवरून कळेल.

---

वृषाली_के

किंवा द्रवात लासोटाचे आरएनएचे तुकडे असतील आणि व्हेरोंच्या स्वतःच्या रिग-आय ने ते पकडले असतील. इंटरफेरॉन बनलं नाही तरी आयआरएफ-३ काही जनुकं परस्पर चालू करतं, जॅकला न विचारता. आयएफआयटी-१ त्यातलंच.

---

नीलेश_बारामती

मग ते ब मध्येही दिसायला हवं होतं. ब च्या द्रवात लासोटाचा आरएनए नव्हता?

---

वृषाली_के

हं. बरोबर पकडलंस. दोन्ही द्रवांत विषाणूचा आरएनए किती ते पीसीआरने मोजल्याशिवाय मला पुढे बोलता येणार नाही.

---

मंजिरी_स

पीसीआर मशीन गुरुवारी मोकळं आहे. ५ मायक्रोमोलरची प्लेट आजच लावते.